नफा ४,८०,०००, गल्ल्यात १४,०००

आमचं बार्शीत हार्डवेअर आणि रंगाचं दुकान आहे. मी आणि यजमान दोघं बसतो, एक पोरगा कामाला आहे. सीएंनी २०२४-२५ चा नफा ४,८०,००० काढला. ३१ मार्चला गल्ल्यात १४,००० आणि बँकेत २६,००० होते. जानेवारीच्या सुरुवातीला माझ्या पाटल्या-बांगड्या बँकेत ठेवून २,८०,००० उचलले, तेही संपले. यजमान म्हणतात सीए चुकले. दीर म्हणतात गल्ल्यावर कोणाचा तरी हात पडतोय, आणि बघतात त्या पोराकडे. वर्षअखेरचा माल आम्ही अंदाजानेच लिहून दिला होता. एका ठेकेदाराकडे १,४०,००० दीड वर्षापासून अडकलेत. दोन्ही वर्षांचे कागद जोडलेत. पैसा गेला कुठे?
— एक वाचक, बार्शी

ताई,

आधी त्या पोराचं. बिल न फाडता झालेली विक्री कोणी खिशात घातली, तर ती कुठल्याच कागदात दिसत नाही. त्यामुळे कागद बघून कोणाला प्रामाणिकपणाचा दाखला देता येत नाही, हे खरं. पण तुम्ही जो पैसा शोधताय, तो कुठे गेला हे तुमच्याच कागदांत लिहिलेलं आहे, आणि त्यासाठी चोर लागत नाही.

दोन्ही वर्षांचे कागद पाठवलेत हे फार बरं केलंत. बहुतेक जण फक्त यंदाचं नफा-तोटा पत्रक पाठवतात. ते एकटं हातात घेतलं तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळतच नाही. माल विकला, बिल झालं, की नफा-तोटा पत्रकाच्या दृष्टीने कमाई झाली. पैसे आले की नाही हे ते विचारत नाही. माल आणला आणि तो मांडणीवरच राहिला, तर तो खर्च धरत नाही. कर्जाच्या हप्त्यातलं फक्त व्याज त्यात येतं, मुद्दल येत नाही. आणि घरी नेलेले पैसे तर त्यात कुठेच नसतात. थोडक्यात, दुकानदाराचा पैसा ज्या चार वाटांनी जातो, त्या चारही वाटा या पत्रकाबाहेरच्या आहेत. त्या दिसतात तेरजेत, म्हणजे सगळ्या खात्यांच्या बाक्यांच्या यादीत. तीही एक नाही, दोन लागतात: गेल्या ३१ मार्चची आणि या ३१ मार्चची. शेजारी-शेजारी ठेवायच्या आणि कुठलं खातं किती हललं ते बघायचं.

तुमची तेरीज टॅलीतून काढलेली, म्हणून इंग्रजीत आहे. घाबरू नका, पाच-सहाच नावं ओळखायची आहेत. Sundry Debtors म्हणजे तुमची गिऱ्हाइकांकडची उधारी. Sundry Creditors म्हणजे तुम्ही होलसेलवाल्यांना द्यायचे पैसे. Duties & Taxes मध्ये जीएसटीचं देणं. Secured Loans मध्ये दुकान वाढवताना घेतलेलं कर्ज आणि सोनेतारण. Drawings म्हणजे उचल, घरी नेलेले पैसे. आणि शेवटी रोख व बँक. डाव्या रकान्यात नावे, उजव्यात जमा. खर्च, येणं आणि वस्तू नावे बाजूला. विक्री, देणं आणि भांडवल जमा बाजूला.

आता तुमचे आकडे. विक्री ४८,००,०००. सुरुवातीचा माल ९,००,०००, वर्षभरातली खरेदी ४२,२०,०००, हमाली-भाडं ४०,०००, आणि अखेरचा माल १२,४०,०००. म्हणजे विकलेल्या मालाची किंमत ३९,२०,०००, ढोबळ नफा ८,८०,०००. त्यातून भाडं, पगार, लाइट, ६०,००० व्याज, ४८,००० घसारा आणि किरकोळ मिळून ४,००,००० खर्च गेला. उरले ४,८०,०००. बेरीज-वजाबाकीत चूक नाही. सीएंनी तुम्ही दिलेल्या आकड्यांचं बरोबर गणित केलंय.

आता या नफ्यापासून निघून रोकडीपर्यंत चालत जाऊ. पहिल्यांदा ४८,००० घसारा परत मिळवायचा. रॅक आणि फर्निचर जुनं होतं म्हणून तो खर्च धरलाय, पण त्यासाठी गल्ल्यातून कोणाला नोटा दिलेल्या नाहीत. तर ५,२८,००० झाले. आता तेरजा शेजारी ठेवा, फक्त अखेरच्या मालाचा आकडा नफा-तोटा पत्रकातून घ्या.

माल ९,००,००० वरून १२,४०,००० झाला: ३,४०,००० मांडणीवर बसले.
उधारी ५,१०,००० वरून ७,६०,००० झाली: २,५०,००० गिऱ्हाइकांकडे गेले.
होलसेलवाल्यांचं देणं ४,२०,००० वरून ५,७०,००० झालं: त्यांचे १,५०,००० तुम्ही वापरलेत.
जीएसटीचं देणं १८,००० वरून ३०,००० झालं: १२,००० सरकारचे तुमच्याकडे राहिले.

५,२८,००० मधून ३,४०,००० आणि २,५०,००० काढा, १,५०,००० आणि १२,००० मिळवा. राहतात १,००,०००. वर्षभर दुकान चालवून हातात आलेला पैसा एवढाच. नफा पावणेपाच लाखांच्या वर आणि नोटा एक लाख, हा फरक कोणी चोरलेला नाही. तो मांडणीवर आणि गिऱ्हाइकांच्या घरी आहे.

या एक लाखातून काय काय भागवायचं होतं? जुन्या कर्जाचा हप्ता महिन्याला १७,५००, म्हणजे वर्षाचे २,१०,०००. त्यातले ६०,००० व्याज वर धरून झालंय. उरलेले १,५०,००० मुद्दल. तेरजेत हे कर्ज ५,८०,००० वरून ४,३०,००० वर आलेलं दिसेल. आणि उचल ३,००,०००. एक लाखाच्या जिवावर साडेचार लाख खर्च झाले. खड्डा ३,५०,००० चा. तुमच्या बांगड्यांचे २,८०,००० त्यात गेले, आणि बाकीचे ७०,००० गेल्या वर्षीच्या शिलकीतून. गेल्या मार्चला रोख आणि बँक मिळून १,१०,००० होते, आता ४०,००० आहेत. रुपयाचाही फरक नाही.

दिरांना हा कागद दाखवा.

आता दुसरा प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत पण मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. ४,८०,००० ही कमाई खरी आहे का?

गेल्या वर्षीच्या पत्रकावर विक्रीच्या मानाने ढोबळ नफा १६ टक्के होता. यंदा ८,८०,००० भागिले ४८,००,०००, म्हणजे १८ टक्क्यांच्या थोडा वर. दुकान तेच, माल तोच, गिऱ्हाईक तेच, उलट उधारीवर विकण्याचं प्रमाण वाढलंय. अशा वेळी मार्जिन दोन टक्क्यांनी वाढावं? सिमेंट आणि रंगात घासाघीस कशी चालते हे तुम्हाला मी सांगायला नको. १६ टक्क्यांनीच ढोबळ नफा काढला तर तो ७,६८,००० येतो. म्हणजे १,१२,००० जास्तीचे दिसतायत. ते बहुतेक अखेरच्या मालात लपलेत.

याचं कारण समजून घ्या. अखेरचा माल तेरजेत नसतोच. तेरजेत सुरुवातीचा माल असतो, खरेदी असते. अखेरचा माल बाहेरून, तुमच्या तोंडच्या आकड्यावरून येतो आणि थेट नफ्यात मिसळतो. तो एक लाखाने जास्त सांगितला तर नफा बरोब्बर एक लाखाने वाढतो आणि कुठेही काही अडत नाही. छोट्या दुकानाच्या हिशेबात सगळ्यात सैल खिळा कुठला, असं मला कोणी विचारलं तर मी याच आकड्यावर बोट ठेवीन. मी या धंद्यात नवा असताना एका दुकानदाराचा माल सलग तीन वर्षं गोल आकड्यात वाढत गेलेला पाहिला. बँकेला नफा दाखवायचा होता म्हणून तो आकडा फुगवत गेला, आणि चौथ्या वर्षी स्वतःच त्या नफ्यावर विश्वास ठेवून त्याने शेजारचा गाळा घेतला.

तुमच्याकडे फुगवण्याचा हेतू नाही, अंदाज आहे. पण अंदाज चुकण्याच्या जागा ठरलेल्या असतात. एक म्हणजे विक्रीच्या भावाने मोजणं. माल खरेदीच्या भावाने धरायचा, आणि त्या भावालाही विकला जाणार नसेल तर जेवढे येतील तेवढ्यालाच धरायचा. कोपऱ्यात घट्ट झालेले रंगाचे डबे, ओल लागून गठ्ठा झालेली सिमेंटची पोती, बंद पडलेल्या मॉडेलचे नळ, हे सगळं पूर्ण किमतीने धरलं गेलं असणार. दुसरी जागा जरा फसवी आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गाडी उतरली, माल मांडणीवर लागला म्हणून मोजणीत आला, आणि बिल मात्र एप्रिलमध्ये चढवलं. माल मोजला, खरेदी नाही मोजली. सगळी गाडी नफा म्हणून दिसते. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातली खरेदीची बिलं काढा आणि त्यांवरची तारीख बघा. मार्चची तारीख सापडली तर नफा तेवढा कमी होईल, आणि होलसेलवाल्यांचं देणं तेवढं जास्त निघेल.

एक गंमत लक्षात घ्या. माल १,१२,००० ने कमी निघाला तरी वर काढलेला रोकडीचा हिशेब बदलत नाही. नफाही तेवढाच कमी होतो आणि मालातली वाढही तेवढीच. गल्ल्यात १४,००० च होते आणि तेवढेच राहतात.

आणखी एक छोटी गळती. सोनेतारणाचं जानेवारी ते मार्चचं व्याज वहीत कुठेच नाही. तुम्ही ते भरलं नाही म्हणून लिहिलंही नाही. दर १० टक्के धरला तर तीन महिन्यांचे ७,००० होतात. पावतीवरचा दर बघून आकडा नक्की करा. रक्कम लहान आहे, पण त्यातून एक गोष्ट दिसते: तुमच्या तेरजेच्या दोन्ही बाजू ७०,९२,००० ला जुळल्यात, आणि तरीही ती अपुरी आहे. जी नोंद केलीच नाही ती दोन्ही बाजूंना नसते, त्यामुळे बेरीज खुशाल जुळते. घरचा खर्च चुकून किरकोळ खर्चात घातला तरीही जुळते. 'जुळलं की झालं' असं म्हणणाऱ्या मुनिमाला एकदा किरकोळ खात्याची खतावणी पूर्ण वाचायला लावा. तुमच्याही ५२,००० मधल्या नोंदी एकेक करून बघा. त्यात घरचं काही निघालं तर नफा थोडा वाढेल आणि उचलही तेवढीच वाढेल.

ठेकेदाराचे १,४०,००० मात्र मी यंदाच्या कमाईतून वजा करणार नाही. तो माल आदल्या वर्षीच विकला गेला होता, त्याचा नफाही तेव्हाच धरला गेला. ते बुडाले तर तुमच्या भांडवलाला खड्डा पडेल, आणि पुस्तकात ज्या वर्षी बुडीत लिहाल त्या वर्षीचा नफा त्यात खाल्ला जाईल. पण या वर्षी दुकानाने किती मिळवलं, हा प्रश्न वेगळा ठेवा. त्या रकमेत एक डंख आहे, तो मात्र कळायला हवा. मालावर १८ टक्के जीएसटी असेल, तर १,४०,००० मध्ये जवळपास २१,००० कराचे आहेत. ते तुम्ही बिल फाडल्याच्या पुढच्या महिन्यात सरकारला भरून टाकले. ठेकेदाराने दमडी दिली नाही, आणि त्याचा कर तुमच्या खिशातून गेला. उधारी बुडाली म्हणून तो परत मिळत नाही.

तर या वर्षीची कमाई किती? ४,८०,००० मधून मालातले १,१२,००० आणि व्याजाचे ७,००० काढा. ३,६१,००० राहतात. महिन्याला ३०,००० च्या आसपास, आणि तेही दोन माणसांनी सकाळपासून रात्रीपर्यंत बसून. यजमानांना आणि तुम्हाला पगार धरला असता तर नफ्याच्या रकान्यात काय उरलं असतं, हे मी लिहीत नाही.

हा आकडा घरात सगळ्यांसमोर मांडा, कारण पुढचं गणित त्यावर आहे. समजा येत्या वर्षी माल एक रुपयानेही वाढवला नाही, उधारी आहे तिथेच थांबवली आणि होलसेलवाल्यांचं देणंही तेवढंच ठेवलं. मग ३,६१,००० मध्ये घसाऱ्याचे ४८,००० मिळवून ४,०९,००० हातात येतील. जुन्या कर्जाचं मुद्दल यंदा १,५०,००० गेलं. हप्ता तोच असला की दर वर्षी व्याजाचा वाटा घटतो आणि मुद्दलाचा वाढतो, म्हणून एकंदर भार साधारण तेवढाच धरा. उरतात २,५९,०००. आणि घरात जातात ३,००,०००. म्हणजे सगळं नीट चाललं तरी वर्षाला ४१,००० कमी पडतात. सोनेतारणाचं व्याज वर्षभर चालू राहिलं तर वर्षाचे आणखी २१,००० वाढतील. तीन महिन्यांचं व्याज आपण आधीच धरलंय.

म्हणून यंदाचा बांगड्यांचा प्रकार हा एका वाईट वर्षाचा अपघात होता, असं मी म्हणणार नाही. वाढलेल्या उधारीने आणि मालाने तो घाईत आणला एवढंच. दुकानाची कमाई आणि घर-अधिक-हप्ता यांचा मेळ मुळातच बसत नव्हता.

यात खर्चाला कात्री लावा असं सांगायची माझी इच्छा नाही, घर कसं चालतं ते तुम्हाला ठाऊक. पण पैसा कुठून सुटू शकतो ते दिसतंय. मालाच्या किमतीच्या हिशेबाने तुम्ही महिन्याला सव्वातीन लाखांच्या आसपास माल विकता, आणि मांडणीवर सव्वाबारा लाखांच्या वर पडलाय. म्हणजे जवळपास पावणेचार महिन्यांचा साठा. बार्शीला सोलापुरातून माल यायला किती वेळ लागतो? दोन-तीन महिन्यांचा साठा ठेवून दुकान चालत असेल, तर दोन-अडीच लाख तिथूनच मोकळे होतात आणि सोनेतारणाचा मोठा भाग फिटतो. स्कीम आहे म्हणून वीस डबे उचलण्याआधी मागच्या स्कीमचे किती शिल्लक आहेत ते मोजा. कंपनीचा माणूस दिलेल्या दोन टक्के सवलतीचं सांगेल, पण तुम्ही वर्षाला १० टक्क्यांनी सोनं गहाण ठेवून ते डबे सांभाळताय.

मात्र एक सावध सूचना. माल आणि उधारीतून सुटणारा पैसा एकदाच सुटतो. त्यातून सोनं सोडवा, घरखर्च चालवू नका. ४१,००० ची तूट दर वर्षी येणारी आहे, ती भरायला एक तर मार्जिन हवं, नाही तर हप्ता लांबवून घ्यायला हवा. बँकेत जाऊन कर्जाची मुदत वाढवता येते का विचारा. हप्ता १७,५०० चा १४,००० झाला तर वर्षाला ४२,००० ची उसंत मिळते. व्याज एकूण जास्त जाईल, हेही मनात धरा.

आता करायची कामं. या रविवारी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून माल मोजा. आज मोजलेला माल घ्या, १ एप्रिलपासूनची खरेदी त्यातून वजा करा, आणि तेव्हापासून विकलेल्या मालाची खरेदी किंमत त्यात मिळवा. मार्चअखेर खरा किती होता ते साधारण कळेल. विवरणपत्र भरलं नसेल तर सीएंना आकडा दुरुस्त करून घ्यायला सांगा. भरलं असेल तरी त्यांना सांगा, लपवू नका. नाही तर तोच फुगलेला माल पुढच्या वर्षीचा सुरुवातीचा माल होतो आणि तेव्हा उगाच तोटा दिसतो.

सीएंच्या ऑफिसकडून दर तीन महिन्यांनी तेरीज मागून घ्या. त्यांना ते दोन मिनिटांचं काम आहे. आली की सगळ्यात आधी उधारी, होलसेलवाल्यांचं देणं आणि उचल हे तीनच आकडे आधीच्या तेरजेशी ताडा. उधारीच्या आकड्यावर थांबू नका, पार्टीनुसार यादी मागा आणि प्रत्येकाचं शेवटचं बिल व शेवटचा पैसा कधी आला ते बघा. ७,६०,००० ची उधारी कागदावर मालमत्ता दिसते, पण त्यातले सहा महिन्यांच्या वरचे किती हे कळल्याशिवाय तिची किंमत कळत नाही. आणि उचल रोजच्या रोज लिहा. गल्ल्यातून घरासाठी काढलेली शंभराची नोटसुद्धा रोजकीर्दीत यायला हवी. त्या पोरावर संशय येण्याचं खरं कारण तेच आहे: संध्याकाळी गल्ला कमी भरतो, आणि दुपारी यजमानांनी काय काढलं ते कोणालाच आठवत नाही.

ठेकेदाराकडे या आठवड्यातच जा. मालाच्या पैशांचा दावा तीन वर्षांच्या आत करावा लागतो, दीड वर्ष गेलंय. भांडायला जाऊ नका. खात्याचा उतारा छापून न्या, खाली 'वरील बाकी रु. १,४०,००० मान्य आहे' असं लिहून तारखेसह सही घ्या. मुदत संपायच्या आत अशी लेखी कबुली मिळाली तर तीन वर्षं त्या तारखेपासून नव्याने मोजली जातात. त्याच वेळी जमेल तेवढे, अगदी पाच हजारसुद्धा, बँकेतून किंवा यूपीआयने मागा म्हणजे नोंद राहील. नवीन साइटला माल हवाय असं तो नक्की म्हणेल, तेव्हा रोखीनेच द्या.